टोकियोच्या पहिल्या मीटिंगसाठी एकच वाक्य

वाक्यांची यादी पाठ करू नका, एकच घ्या: "होन्जित्सु वा ओजिकान ओ इतादाकि, आरिगातोऽ गोझाइमाश्ता." म्हणजे, आज आपण वेळ दिलात, आभारी आहे. 'इतादाकि'त 'आम्हाला मिळाला' असा नम्र भाव आहे. नुसतं 'आरिगातोऽ' मित्रांत चालतं, क्लायंटसमोर नाही.

लिहिताना शेवट 'माशिता' असला तरी 'शि'मधला इकार जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून 'माश्ता' म्हणा. हे भूतकाळी रूप आहे, म्हणजे भेट संपल्यावरचं. सुरुवातीलाच आभार मानायचे तर शेवट 'गोझाइमास्' करा.

वेळ कोणती? बोलणं संपलं, कागद आवरले, सगळे उठले, की उभं राहून आधी वाक्य पूर्ण म्हणा, मग कमरेतून वाका. दोन्ही एकदम केलं की शब्द जमिनीकडे जातात.

यजमान बहुधा लिफ्टपर्यंत सोडायला येतात. आत शिरून त्यांच्याकडे वळा, 'आरिगातोऽ गोझाइमाश्ता' एवढंच पुन्हा म्हणा आणि दार मिटेपर्यंत वाकलेले राहा. पहिल्या खेपेला मी तिथे मोबाईल काढला होता. दार अजून उघडंच होतं आणि समोर तिघं वाकून उभे!