सप्लायरनं माल उशिरा दिला. पीओत एलडी, म्हणजे उशिराची भरपाई, ठरलेली आहे. बिलातून किती कापायची आणि त्याला नीट कसं सांगायचं?

नीट सांगण्याची वेळ येते ती बहुतेकदा हिशेब चुकल्यामुळे. सप्लायर एलडीवर चिडत नाही, बिलाच्या एकूण रकमेवर कापलेल्या एलडीवर चिडतो. आमच्या अकाउंट्सशी माझा हाच जुना वाद आहे.

चाकणच्या कारखान्यासाठी भोसरीहून २०० ब्रॅकेट मागवले, दर २,००० रुपये. मूळ किंमत ४,००,०००, जीएसटी १८ टक्के म्हणजे ७२,०००, बिल ४,७२,०००. मुदत ५ जून. १२० नग वेळेत आले, उरलेले ८० नग २३ जूनला. पीओत लिहिलंय: उशिरा आलेल्या मालाच्या मूळ किमतीवर दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के.

अकाउंट्सनं १८ दिवसांचे तीन आठवडे धरले आणि ४,७२,००० वर दीड टक्का लावून ७,०८० कापले. दोन्ही चूक. उशीर झाला तो फक्त ८० नगांना, म्हणजे १,६०,००० च्या मालाला. शिवाय सुधारित ड्रॉइंग आपणच चार दिवस उशिरा मंजूर केलं होतं, त्यामुळे मुदत ९ जूनवर गेली आणि उशीर उरला १४ दिवसांचा. दोन आठवडे, एक टक्का, १,६०० रुपये.

जीएसटीला हात लावायचा नाही. ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरनुसार अशी भरपाई हा पुरवठ्याचा मोबदला नाही, त्यामुळे तिच्यावर कर नाही आणि बिलातला करही कमी होत नाही. ७२,००० पूर्ण द्या, १,६०० ची डेबिट नोट जीएसटीविना काढा. पेमेंट ४,७०,४००.

मेल पेमेंटच्या आधी जायला हवा. बँकेत कमी रक्कम जमा झाल्यावर कळलं तर सभ्य भाषेचा उपयोग नाही. मी असं लिहितो:

“नमस्कार साहेब, ८० नग आमच्या गेटवर २३ जूनला आले. ड्रॉइंगचे चार दिवस आमच्याकडून गेले, ते वजा केले आहेत. उरलेल्या १४ दिवसांची एलडी १,६०,००० वर एक टक्का, म्हणजे १,६०० रुपये होते. जीएसटी पूर्ण देत आहोत. गेट एंट्री आणि ड्रॉइंग मंजुरीचा मेल जोडला आहे. तारखांत फरक वाटला तर शुक्रवारपर्यंत कळवा, पेमेंट सोमवारी आहे.”

‘नाइलाजाने’, ‘पॉलिसीनुसार’ असलं काही नको. आपली चूक आधी लिहिली की पुढचा आकडा तो मुकाट्यानं वाचतो.

पीओ एक्स-वर्क्स असेल तर गेट एंट्री नाही, त्यानं माल तयार ठेवल्याची तारीख धरा. कलमात ‘उशिरा आलेल्या मालावर’ऐवजी ‘पूर्ण ऑर्डरवर’ असेल तर आकडा ४,००० होईल. आणि सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेला असेल तर १,६०० च्या वादापायी अख्खं बिल अडवू नका. पेमेंटची मुदत लेखी ठरलेली असली तरी ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, आणि त्यानंतरचं व्याज बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढीनं लागतं.