थर्ड शिफ्टचे तास वजा येतात: MOD लावण्याआधी जोड्या तपासा

प्रश्न: भोसरीत छोटं युनिट आहे, हजेरी मी बघतो. मशीनच्या डेली रिपोर्टमधले IN आणि OUT एक्सेलमध्ये घेतो आणि OUT मधून IN वजा करतो. फर्स्ट, सेकंडचं बरोबर येतं. थर्ड शिफ्टला (रात्री 10 ते सकाळी 6) मात्र ##### दिसतं, फॉरमॅट बदलला तर -0.66. MOD लावलं की 8 तासांच्या आसपास येतं. एवढ्यावर काम भागेल का?

उत्तर:

भागेलही कदाचित, पण ते तुमचे IN आणि OUT एकाच रात्रीचे आहेत का यावर आहे. डेली रिपोर्टमधून घेताय म्हणजे बहुतेक नाहीत. आधी वजाबाकीचं बघू, मग त्याकडे येतो.

एक्सेल वेळेला दिवसाचा अपूर्णांक समजतं. पूर्ण दिवस म्हणजे 1, दुपारचे बारा म्हणजे 0.5, सकाळचे सहा म्हणजे 0.25. सेलमध्ये नुसती वेळ असेल, तारीख नसेल, तर रात्रीचे दहा (0.9167) हे सकाळच्या सहापेक्षा मोठेच ठरणार, कारण ती सकाळ दुसऱ्या दिवसाची आहे हे त्या सेलला कुठून कळणार? 0.25 मधून 0.9167 गेले की -0.6667, म्हणजे वजा 16 तास. वजा वेळ एक्सेलला दाखवता येत नाही म्हणून ##### येतं. गंमत अशी की तो आकडा अगदीच निरर्थक नसतो. माणूस त्या दिवशी जितका वेळ कंपनीबाहेर होता, तितका तो असतो. 24 मधून 16 गेले की कामाचे 8 उरतात.

MOD नेमकं हेच करतं:

```
=MOD(B2-A2,1)
```

A2 मध्ये IN, B2 मध्ये OUT. उत्तर ऋण आलं तर त्यात एक दिवस मिळवला जातो, धन असेल तर जसंच्या तसं राहतं. म्हणून हाच फॉर्म्युला तिन्ही शिफ्टना चालतो. मॅक्रो लिहीत असाल तर मात्र जपून: व्हीबीएमधला Mod दोन्ही संख्या आधी पूर्णांकात आणतो, त्यामुळे तिथे वेळेच्या अपूर्णांकांचा काही उपयोग राहत नाही. आणि कोणी 1904 डेट सिस्टिमची खूण करायला सांगितलं तर करू नका. वजा वेळ दिसायला लागते हे खरं, पण ती वजाच राहते आणि शीटमधल्या आधीच्या सगळ्या तारखा चार वर्षं एक दिवस पुढे सरकतात.

आता खरा मुद्दा. एक माणूस घेऊ, कोड 214. त्याने 10 आणि 11 जून 2025 अशा दोन रात्री केल्या, मंगळवार आणि बुधवार. मशीनच्या मेमरीत त्याचे चार पंच आहेत:

```
214  10-06-2025 21:55  IN
214  11-06-2025 06:05  OUT
214  11-06-2025 21:52  IN
214  12-06-2025 06:10  OUT
```

पहिली रात्र 8 तास 10 मिनिटं, दुसरी 8 तास 18 मिनिटं. पण डेली रिपोर्ट तारखेवार बनतो. 10 तारखेच्या ओळीत फक्त IN दिसेल, 12 च्या ओळीत फक्त OUT. 11 च्या ओळीत दोन्ही असतील: IN 21:52, OUT 06:05. वजाबाकी वजा 15 तास 47 मिनिटं, म्हणजे तुमचं ते -0.66. MOD लावलं की 8:13.

हे 8:13 कोणत्याच रात्रीचे तास नाहीत. OUT मंगळवारच्या रात्रीचा, IN बुधवारच्या रात्रीचा. माणूस रोज त्याच सुमारास येतो-जातो म्हणून आकडा खऱ्याच्या जवळ पडला आणि कोणाच्या डोळ्यावर आला नाही. तो दुसऱ्या रात्री साडेअकराला आला असता तर उशीर पहिल्या रात्रीच्या OUT ला चिकटला असता. शिवाय दोन रात्री कामाला येऊन त्याच्या नावावर एकच पूर्ण हजेरी आणि दोन मिस पंच लागले, ते वेगळंच.

काही रिपोर्ट IN-OUT न बघता दिवसातला पहिला आणि शेवटचा पंच घेतात. तिथे 11 तारखेला 06:05 ते 21:52, म्हणजे 15 तास 47 मिनिटं चक्क अधिक चिन्हाने येतात. माझ्या मते हा प्रकार जास्त वाईट. वजा आकडा निदान अडून बसतो, हा मात्र सरळ पगारात जातो आणि दिवसाला नऊ तासांवर ओटी धरत असाल तर पावणेसात तासांचा ओटी उभा करतो. थर्ड शिफ्टच्या एकाच माणसाचे लागोपाठ पावणेसोळा-सोळा तास दिसले तर समजा, मोजलाय तो घरचा वेळ.

तेव्हा डेली रिपोर्ट बाजूला ठेवा आणि मशीनमधून कच्चे पंच काढा, तारीख-वेळ एकत्र असलेले, वर दाखवलेत तसे. A मध्ये कोड, B मध्ये तारीख-वेळ, C मध्ये IN किंवा OUT. आधी कोडवर आणि मग वेळेवर सॉर्ट करा. मग D2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=IF(C2="OUT",
  IF(AND(A1=A2,C1="IN"),"","CHECK"),
  IF(AND(A3=A2,C3="OUT",B3-B2<=17/24),B3-B2,"CHECK"))
```

IN च्या ओळीत तो खालची ओळ बघतो. त्याच माणसाचा OUT असेल आणि अंतर 17 तासांच्या आत असेल तर तास देतो, नाहीतर CHECK. OUT च्या ओळीत वर त्याच माणसाचा IN नसेल तरी CHECK. तारीख सोबत असल्यामुळे इथे MOD लागतच नाही. B3 मधून B2 गेलं की उत्तर कायम अधिकच, मध्यरात्र मध्ये आली काय नि नाही काय. 17 ची मर्यादा डबल शिफ्टसाठी ठेवली आहे. 16 तास थांबणारे लोक असतात, त्यांना वर तासभर सवलत. तुमच्याकडे डबल होत नसेल तर 13 करा, चुका लवकर सापडतील. ही मर्यादा MOD मध्ये नसते, हा त्याचा मोठा दोष. सकाळी 8 चा IN आणि 7:50 चा OUT अशी उलटी नोंद झाली तर MOD बिनदिक्कत 23 तास 50 मिनिटं देतो.

CHECK आलेल्या ओळी हाताने बघाव्याच लागतील. बहुतेक ठिकाणी OUT राहिलेला असतो, किंवा अंगठा नीट लागला नाही म्हणून मिनिटाभरात दोनदा IN पडलेला असतो. दुबार पंच आधी काढून टाकले तर यादी बरीच लहान होते.

पुढचा प्रश्न असा की हे तास कोणत्या तारखेला लिहायचे. काही जण मध्यरात्रीला तुकडा पाडतात, दोन तास 10 तारखेला, सहा तास 11 ला. असं करू नका. 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 57 याच बाबतीत होतं: पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली तर मध्यरात्रीनंतरचे तास आधीच्या दिवसात धरायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून सुरू होतो. 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रम संहितेतही हे तत्त्व कायम आहे. हिशोबातही फरक पडतो. सेकंड शिफ्टचा माणूस दुपारी 2 ला आला आणि रात्री 12:40 पर्यंत थांबला तर 10 तास 40 मिनिटं झाली, नऊच्या वर 1:40. तुकडा पाडलात तर पहिल्या तारखेला 10 तास, वर फक्त 1 तास. उरलेली 40 मिनिटं दुसऱ्या दिवशी साध्या दराने जातील आणि तो माणूस तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहील. त्याचं बरोबरच असेल.

म्हणून तारीख IN वरून ठरवा. थर्ड शिफ्टला कोणी उशिरा, समजा 12:20 ला, आला तर त्याच्या IN ची तारीख पुढची पडते, तेवढ्यासाठी चार तास मागे सरकवून घ्या:

```
=IF(C2="IN",INT(B2-4/24),"")
```

या सेलला तारखेचा फॉरमॅट द्या. चार का, तर पहाटे चारच्या सुमारास तुमच्याकडे कोणी कामावर येत नाही. फर्स्टवाले साडेपाचपासून येतात, थर्डचा कितीही उशीर झाला तरी चारच्या आत. हा कट फक्त IN ला लावायचा. सगळ्या पंचांना एकच कट लावायचा विचार तीन पाळ्यांत चालत नाही: सकाळी 5:50 चा IN आजचा असतो आणि 6:05 चा OUT कालचा.

भोसरी-पिंपरीकडे गुरुवारची सुट्टी असते, तुमचीही असेल. वरचा 12 जून गुरुवारच आहे. 214 ची बुधवारची रात्र गुरुवारी सकाळी 6:10 ला संपली, म्हणून तारखेवार रिपोर्टमध्ये तो साप्ताहिक सुट्टीला हजर दिसतो आणि कोणीतरी त्याला बदली सुट्टी देऊन बसतं. ते तास बुधवारचेच. मात्र त्याची सुट्टी 6:10 ला सुरू होऊन पुढे सलग 24 तास हवी. त्याच गुरुवारी रात्री 10 ला परत बोलावलंत तर सुट्टी सोळाच तासांची झाली, म्हणजे झालीच नाही.

महिनाअखेरीला पंच 1 ते 31 असे काढू नका. आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून पुढच्या 1 तारखेच्या रात्रीपर्यंत काढा, आणि वरच्या फॉर्म्युल्यातून आलेल्या तारखेवर फिल्टर लावा. नाहीतर 31 च्या रात्रीला OUT नाही आणि 1 च्या सकाळच्या OUT ला IN नाही, असे दोन्हीकडून CHECK येतील.

बेरजेच्या सेलला फॉरमॅट [h]:mm द्या. साधा h:mm दिलात तर दर 24 तासांनी काटा शून्यावर येतो आणि आठ तासांच्या सहा रात्रींची बेरीज 0:00 दिसते. दराने गुणताना बेरजेला आधी 24 ने गुणा, आणि त्या सेलला साधा नंबर फॉरमॅट ठेवा. साडेआठ तास म्हणजे 8.5, 8.30 नव्हे.

शेवटचं एक. पंच राहिला म्हणून वेळ हाताने टाकताना टिंब देऊ नका. मस्टरवर आपण 21.55 लिहितो, पण एक्सेलमध्ये ते एकवीस पूर्णांक पंचावन्न दिवस होतात. 6.05 मधून 21.55 गेले की -15.5, त्यावर MOD केलं की 0.5, आणि सेल तुम्हाला 12:00 दाखवणार, ##### नाही की काही नाही. वरच्या शीटमध्ये तारखेसकट 12-06-2025 06:10 असं कोलन देऊनच टाका. एंटर मारल्यावर मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटला तर एक्सेलने ती वेळ म्हणून घेतलेली नाही.