बाबा, छोटू कोणाशी बोलतो ते असं बघा

बाबा, छोटू हेडफोन लावून एकटाच बडबडत नाही. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये बहुतेकदा चौघांची टीम असते आणि ती माईकवर बोलते. तो मित्रांसोबत खेळत असेल तर ठीक. पण जागा रिकामी राहिली की गेम अनोळखी माणसं भरतो आणि तीही त्याचं बोलणं ऐकतात. स्पीकर आणि माईकच्या चिन्हांवर 'All' असेल तर आसपासचे विरोधकही ऐकतात. तिथे 'Team' करा, अनोळखी टीम असेल तर माईक बंदच.

फ्रेंड लिस्ट म्हणजे फोनबुक नव्हे. एका मॅचनंतर कोणीही रिक्वेस्ट पाठवतो, ती घेतली की छोटू ऑनलाइन आहे हे त्याला दिसतं आणि खेळायला बोलावता येतं. ओरडू नका, शेजारी बसून एकेका नावाबद्दल विचारा: "हा शाळेतला का?" सांगता आलं नाही तर काढायला लावा. व्हॉट्सॲप नंबर मागणारा तर लगेच ब्लॉक.