नोकरी आणि प्रवास फॉर्ममध्ये कुठे लिहायचा

अगं, नोकरी आणि रोजच्या प्रवासामुळे उपक्रम कमी पडले, ते कुठे लिहू असं विचारलंस ना? अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये, म्हणजे कॉमन ॲपमध्ये, उपक्रमांचे दहा रकाने आहेत म्हणून दहाही भरायलाच हवेत असं नाही. मेडिकल दुकानातली नोकरी पहिल्या रकान्यात टाक, प्रकार Work (Paid). वर्णनाला १५० अक्षरंच मिळतात, म्हणून थेट काम लिही: गिऱ्हाईक सांभाळणं, गल्ला जुळवणं, मुदत संपलेली औषधं वेगळी काढणं. आठवड्याचे १८ तास खरे असतील तर तेवढेच लिही.

रोजचा प्रवास Additional Information या भागात, दोन वाक्यांत: "बदलापूर ते दादर कॉलेज, जाऊन-येऊन रोज तीन तास. सहाला दुकानात पोचायचं असल्याने कॉलेजनंतरच्या उपक्रमांना थांबता येत नसे." "दुर्दैवाने", "संधीच मिळाली नाही" हे मात्र काढ, तिथेच सूर तक्रारीचा होतो. आणि मुख्य निबंधात हे पुन्हा नको. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना मात्र वेळापत्रक सांगून ठेव.