‘केला असता’ आणि ‘झाले असते’: जर-तरची दोन टोकं

‘मी जर नीट अभ्यास केला असता तर पहिल्याच वेळी पास झाले असते’ असं मी लिहिलं. मैत्रीण म्हणते, पुढे ‘असते’ आहे तर मागेही ‘असते’च हवं, जर-तरच्या दोन्ही क्रियापदांचा शेवट सारखा असतो. शिवाय मी बाई, मग ‘केला’ कसं? कोणाचं बरोबर?

तुमचं वाक्य जसंच्या तसं बरोबर आहे, त्यातलं एक अक्षरही बदलू नका. पण तुमच्या मैत्रिणीला जे जाणवतंय तेही अगदीच निराधार नाही. जर-तरच्या वाक्यात काहीतरी जुळावं लागतं, हे खरं. मात्र ते जुळणं शेवटच्या स्वराचं नसतं.

तुमच्या वाक्यातून ‘असता’ आणि ‘असते’ काढून टाका आणि उरलेलं साध्या भूतकाळात मोठ्यानं म्हणा. ‘मी अभ्यास केला.’ ‘मी पास झाले.’ कोणतीही मराठी बाई हे असंच म्हणेल. ‘मी अभ्यास केले’ असं कोणी म्हणणार नाही, कारण तिथे क्रियापद बोलणारीकडे बघत नाही, अभ्यासाकडे बघतं, आणि अभ्यास पुल्लिंगी. ‘पास होणे’ला कर्मच नाही, म्हणून ते थेट तुमच्याकडे बघतं. व्याकरणात पहिल्याला कर्मणी प्रयोग म्हणतात आणि दुसऱ्याला कर्तरी. आता जर-तरमध्ये एवढंच घडतं की या भूतकाळी रूपाला ‘असणे’चं रूप येऊन चिकटतं आणि तेही त्याच शब्दाकडे बघतं. केला, म्हणून ‘केला असता’. झाले, म्हणून ‘झाले असते’. तुमच्या भावानं हेच वाक्य लिहिलं तर पहिला अर्धा भाग हलणार नाही, फक्त दुसरा ‘झालो असतो’ होईल. आणि तुम्ही अभ्यासाऐवजी ‘तयारी’ लिहिलंत तर पहिला भाग ‘केली असती’ होईल, दुसरा जागेवर राहील. प्रत्येक अर्धं वाक्य आपापल्या घरचं लिंग-वचन सांभाळतं, शेजारच्याचं नाही.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, तेव्हा या जागेवर माझी नजर हमखास थांबते. मध्यंतरी एका कथेच्या हस्तलिखितात असं वाक्य आलं: ‘आईने मला लवकर उठवली असती आणि रिक्षा वेळेवर आली असते, तर माझी गाडी चुकली नसते.’ तीन क्रियापदं, तिन्ही चुकलेली, आणि पहिल्याची चूक बाकी दोघांपेक्षा निराळी. तीच युक्ती लावून बघू.

‘आईने मला उठवलं.’ इथे कर्त्याला ‘ने’ लागलाय आणि कर्माला ‘ला’. दोघांनाही प्रत्यय लागला की क्रियापद कोणाकडेच बघत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात गोठतं. हा भावे प्रयोग. उठणारी मुलगी असो, मुलगा असो की सगळं घर, ‘उठवलं असतं’च राहणार. पुढे, ‘रिक्षा आली’, म्हणून ‘आली असती’. ‘गाडी चुकली’, म्हणून ‘चुकली नसती’. नकार आला की ‘असती’ची ‘नसती’ होते, बाकी हिशेब तोच. दुरुस्त वाक्य असं: ‘आईने मला लवकर उठवलं असतं आणि रिक्षा वेळेवर आली असती, तर माझी गाडी चुकली नसती.’

‘रिक्षा आली असते’ ही चूक कुठून येते, हे बघण्यासारखं आहे. ‘ती घरी असते’ हे रोजच्या सवयीचं रूप आपल्या जिभेवर पक्कं बसलेलं असतं. ‘मी’च्या बाबतीत सवयीचं आणि जर-तरचं रूप एकच: ‘मी सुट्टीत गावी असते’ आणि ‘मी गावी असते तर’. इथे फरकच दिसत नाही, म्हणून तिसऱ्या पुरुषातही तो नसेल असं वाटतं. पण तिथे तो ठसठशीत आहे. तो असतो, पण तो असता तर. ती असते, पण ती असती तर. त्या असतात, पण त्या असत्या तर. शाळेतल्या निबंधांचे विषय आठवा: आरसा नसता तर, शाळा नसती तर, परीक्षा नसत्या तर. त्याच रांगेतलं ‘झाडे नसती तर’ मात्र अनेकजण ‘झाडे नसते तर’ असं लिहितात. झाड नसतं, झाडं नसती. नपुंसकलिंगी अनेकवचन इथे स्त्रीलिंगी एकवचनासारखं दिसतं, त्यामुळे हात अडखळतो. ‘झाडं तोडली’ म्हणताना मात्र आपण अडखळत नाही.

समोर ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ असेल तेव्हा आणखी एक गंमत होते. ‘तू अभ्यास केलास’ यातला ‘स’ जागा बदलतो आणि पार शेवटी जाऊन बसतो: ‘तू अभ्यास केला असतास’. एकाच क्रियापदात ‘ता’ अभ्यासाचा आणि ‘स’ तुझा. तसंच ‘तुम्ही मदत केलीत’चं ‘मदत केली असतीत’ होतं.

आता जुळायला हवं ते काय? वाक्याची जात. ‘पाऊस पडला तर सहल रद्द होईल’ यात ‘पडला’ दिसायला भूतकाळी आहे, पण गोष्ट पुढची आहे आणि अजून काहीही होऊ शकतं. ‘पाऊस पडला असता तर सहल रद्द झाली असती’ यात पाऊस पडलाच नाही, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक आहे. यालाच व्याकरणात संकेतार्थ म्हणतात. या दोन जातींची सरमिसळ करून ‘पाऊस पडला असता तर सहल रद्द होईल’ म्हटलं की वाक्य मधोमध मोडतं. काळ मात्र वेगळा चालतो. ‘मी काल निघाले असते तर आत्ता गावी असते’ हे वाक्य उत्तम आहे. मागचं अर्धं कालचं, पुढचं आजचं, पण दोन्ही न घडलेलं.

‘जर’ लिहिला नाही म्हणून यातलं काही बदलत नाही. बोलताना तो बहुधा गळतोच, वाक्य ‘तर’वर उभं राहतं.

एका ठिकाणी मात्र माझी युक्ती लावू नका. बातमीत वाचता ना, ‘पोलिसांनी चौकशी केली असता त्याने गुन्हा कबूल केला’? इथे चौकशी स्त्रीलिंगी असूनही ‘केली असती’ करायचं नाही. हा ‘असता’ जर-तरचा नव्हे. त्याचा अर्थ ‘केली तेव्हा’ एवढाच, आणि तो कोणत्याही लिंग-वचनात बदलत नाही: विचारले असता, माहिती घेतली असता, कागदपत्रे तपासली असता. पूर्वी तो अनुस्वार देऊन ‘असतां’ असा लिहीत, त्यामुळे डोळ्याला लगेच वेगळा दिसे. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन्ही रूपं कागदावर एकसारखी झाली. ओळखायची खूण सोपी आहे. चौकशी खरंच झालेली असेल तर ‘केली असता’. राहून गेली असेल आणि पुढे ‘तर’ येत असेल तर ‘केली असती’.

तुमच्या मैत्रिणीला ‘मी जर नीट तयारी केली असती तर पास झाले असते’ हे वाक्य म्हणून दाखवा. तिथे ‘केले असते’ तिच्याही तोंडून निघणार नाही.