निरोपाच्या सभेत नव्या अधिकाऱ्यांची ओळख करून देताना

«तीन वर्षांनी माझी पंचायत समितीतून बदली झाली आहे. शुक्रवारी निरोप समारंभ आहे आणि नवे गटविकास अधिकारी त्याच सभेला येणार आहेत. कर्मचाऱ्यांना त्यांची ओळख मीच करून द्यावी, असे ठरले आहे. भाषणात काय बोलावे आणि काय टाळावे?»

मी गटविकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या काळात अशा सभांत मी दोन्ही खुर्च्यांवर बसले आहे, जाणाऱ्याच्याही आणि येणाऱ्याच्याही. सत्कार, आभार, आठवणी यांविषयी आपल्याला सांगण्याची गरज नाही. पुढे लिहिते तो माझा अनुभव आहे, शासनाचा नियम नव्हे. जिल्ह्याजिल्ह्यांतील रीत वेगळी असू शकते.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या भाषणात नव्या अधिकाऱ्यांच्या वतीने एकही शब्द देऊ नये. एका तालुक्यात मी रुजू झाले तेव्हा माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी भरल्या सभागृहात सांगितले, «मॅडम कोणाच्याही टेबलाला हात लावणार नाहीत, तसे त्यांनी मला सांगितले आहे.» तसे मी त्यांना काहीही सांगितलेले नव्हते. त्यांचा हेतू वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. बदलीच्या दिवसांत कर्मचारी धास्तावलेले असतात आणि त्यांना धीर द्यावा असे जाणाऱ्याला मनापासून वाटते. परंतु मी तेथेच उठून «असे काही ठरलेले नाही» म्हटले असते, तर निरोपाच्या प्रसंगी त्यांचा अवमान झाला असता. मी गप्प बसले आणि तो शब्द माझा झाला.

पुढे कामाची विभागणी पाहताना लक्षात आले, की साहित्य खरेदीची नस्ती, भांडारातील साठा नोंदवही आणि देयकांची पहिली तपासणी ही तिन्ही कामे एकाच सहायकाकडे होती. मागणी नोंदवणारा, साठा मिळाल्याची नोंद घेणारा आणि देयक तपासणारा माणूस एकच असेल, तर चूक झाली तरी ती पकडणारे दुसरे कोणी उरत नाही. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप याच गोष्टीवर निघतो. मी देयकांची तपासणी दुसऱ्या टेबलाकडे दिली. लगेच संघटनेचे निवेदन आले आणि त्यात निरोपाच्या भाषणातील ते वाक्य जसेच्या तसे होते, कारण सभेचे चित्रीकरण अनेकांच्या मोबाइलमध्ये होते. मी वरिष्ठ कार्यालयाला लेखी मार्गदर्शन मागितले. दूरध्वनीवर उत्तर मिळाले, «स्थानिक पातळीवर मिटवा.» मी स्मरणपत्रे पाठवली, पण लेखी ओळ एकही आली नाही. टेबल कोणाकडे द्यावे हा कार्यालयप्रमुखाच्या अखत्यारीतला साधा निर्णय आहे, एवढे एका वाक्यात लिहून दिले असते तरी पुरले असते. ते न झाल्यामुळे पावसाळ्यापूर्वीच्या ऐन कामांच्या दिवसांत अर्धे कार्यालय माझ्याशी कामापुरतेच बोलत होते. याचे वाईट मला आजही वाटते, कारण त्यात त्या सहायकाचाही दोष नव्हता. त्याने भर सभेत दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

म्हणून क्रम असा ठेवावा, असे मी सुचवेन. कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रावर दोघांच्याही सह्या सभेपूर्वी व्हाव्यात. सही झाली की कार्यालय कोणाच्या हाती आहे याविषयी आपल्या मनातही संदिग्धता राहत नाही आणि व्यासपीठावरून आश्वासने देण्याचा मोह आपोआप आवरतो. कर्मचाऱ्यांची जी कामे आपल्या सहीसाठी अडली आहेत, ती त्याआधी हातावेगळी करावीत. आपल्या हाताखाली किमान तीन महिने काम केलेल्यांचे गोपनीय अहवाल आपणच लिहायचे असतात, ते नव्या अधिकाऱ्यांवर टाकता येत नाहीत. रजा, वेतनवाढ, आश्वासित प्रगती योजनेचे प्रस्ताव यांपैकी जे उरेल त्याची तारीखवार यादी कार्यभाराच्या टिपणाला जोडावी. भाषणात फक्त तशी यादी दिली असल्याचे सांगावे.

नव्या अधिकाऱ्यांची ओळख शेवटी ठेवू नये, याविषयी माझे मत ठाम आहे. सहसा आधी कर्मचाऱ्यांची भाषणे होतात, डोळे पाणावतात, मग सत्काराला उत्तर देताना जाता जाता नव्या साहेबांचा उल्लेख होतो. तोवर ते तासभर आपल्या स्तुतीची भाषणे ऐकत अनोळखी माणसासारखे बसलेले असतात. सूत्रसंचालकाला सांगून प्रास्ताविकानंतर लगेच चार-पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि ओळख तेव्हाच करून द्यावी. सत्काराला उत्तर नंतर वेगळे द्यावे.

ओळखीचा मजकूर आदल्या दिवशी त्यांनाच विचारून लिहून घ्यावा. नावाचा उच्चार, याआधीची पदे आणि त्यांनी केलेले एखादे ठोस काम एवढे पुरे आहे. त्यांचे मूळ गाव, नातेवाईक, ते कोणाच्या शिफारशीने आले याविषयीची चर्चा, यातले काहीही नको. «साहेब फार कडक आहेत, आता जपून राहा» हे वाक्य हमखास टाळ्या मिळवते, पण पुढे किरकोळ बाबीसाठी विचारणा झाली तरी लोक ती त्याच चष्म्यातून पाहतात. «स्वभावाने अगदी मऊ आहेत» हेही तितकेच नुकसान करते.

कर्मचाऱ्यांची ओळख करून देताना व्यक्तींऐवजी कामे सांगावीत. «हे माझे उजवे हात» असे एकाला म्हटले, की बाकीचे त्याच क्षणी दुखावतात आणि नवे अधिकारी त्या एका माणसाकडे संशयाने पाहू लागतात. नावे घ्यायचीच असतील तर परिचर, वाहनचालक आणि कंत्राटी संगणक चालक यांच्यापर्यंत सर्वांची घ्यावीत.

मी माझ्या शेवटच्या बदलीच्या वेळी बोलले ते साधारण असे होते: «आपले नवे गटविकास अधिकारी आज मध्यान्हपूर्व रुजू झाले आहेत. याआधी त्यांनी जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्याचे काम पाहिले आहे. आपल्याकडे सध्या टंचाईचे दिवस आहेत, टँकरच्या प्रस्तावांची स्थळपाहणी सुरू आहे, त्यामुळे उद्या सकाळी पहिली बैठक त्याच विषयावर होईल. ग्रामपंचायत विभाग, लेखा, बांधकाम, आस्थापना या प्रत्येक शाखेने आपल्या प्रलंबित प्रकरणांची यादी दिली आहे आणि ती मी साहेबांकडे सोपवली आहे. माझ्या काळात जे निर्णय झाले ते नस्तीवर आहेत. जे झाले नाहीत, त्यांविषयी मी कोणालाही शब्द दिलेला नाही. ते निर्णय साहेब घेतील.» यातील शेवटची तीन वाक्ये आपण जशीच्या तशी वापरली तरी चालतील. कर्मचाऱ्यांना ती कोरडी वाटतील, पण नव्या अधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने काम करता येईल.

शुक्रवारपर्यंत त्यांना रुजू होता आले नाही आणि कार्यभार तात्पुरता सहायक गटविकास अधिकाऱ्यांकडे गेला, तर सभेत त्यांची ओळख «अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे» अशीच करून द्यावी. जे अजून आलेले नाहीत, त्यांच्याविषयी नाव आणि आदेशाचा उल्लेख यापलीकडे काही बोलू नये. आदेशात ऐनवेळी बदल झाला, तर सभेत झालेली स्तुती वेगळ्याच माणसाची ठरते आणि प्रत्यक्ष रुजू होणाऱ्याला पहिल्याच दिवशी ती ऐकावी लागते.