इन्क्युबेटरची ऑफर इक्विटीच्या अटींमुळे नाकारायची आहे. मेल कसा लिहू?

प्रश्न: «विद्यापीठाच्या इन्क्युबेटरमध्ये निवड झाली आहे. २ लाख रोख आणि ३ लाखांच्या सेवा देतात, बदल्यात ६ टक्के इक्विटी मागतात, आणि ५ कोटी उभे होईपर्यंत त्यांचा हिस्सा कमी होणार नाही अशी अट आहे. आम्हाला नको आहे. पण माणसं फार चांगली आहेत, संबंध तुटू नयेत. नाही कसं म्हणू?»

मेल लिहायला बसण्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करा: नक्की काय नको आहे, ६ टक्के की ती अट? उत्तर वेगळं असेल तर मेलही वेगळा लागतो. ४ टक्के आणि अट रद्द, यावर तुम्ही सही करणार असाल तर नकार पाठवूच नका, फोन करून तेवढंच मागा. नकाराच्या मेलमधून घासाघीस केली की समोरच्याला तुमच्या 'आभारी आहोत'वरही विश्वास राहत नाही.

आता आकडे बघू. समजा कंपनीचे १०,००० शेअर आहेत. ६ टक्के द्यायचे तर सुमारे ६३८ नवे शेअर काढावे लागतील. रोख २ लाखच धरले तर या व्यवहारात कंपनीची किंमत जेमतेम ३३ लाख ठरते. सेवांचे ३ लाख पूर्ण धरले तरी ८३ लाख. म्हणजे या दोन आकड्यांत तुम्ही कुठे उभे आहात हे त्या सेवा तुम्हाला किती लागतात यावर ठरतं. घरून काम करणाऱ्या तिघांच्या टीमला डेस्कची किंमत शून्य असते. प्रयोगशाळा लागणाऱ्या टीमला तीच सुविधा ३ लाखांहून जास्त मोलाची असू शकते.

खरा त्रास मात्र दुसऱ्या अटीत आहे. पुढे एंजल गुंतवणूकदारांनी १५ टक्के घेतले आणि नंतरच्या फेरीत कुणी २० टक्के घेतले, तर नेहमीच्या हिशेबाने इन्क्युबेटरचे ६ टक्के घटून ४ च्या आसपास येतात आणि संस्थापकांकडे जवळपास ६४ उरतात. हिस्सा घटायचाच नाही असं ठरलं की ते ६ वर राहतात आणि सगळा भार संस्थापकांवर टाकला तर तुमच्याकडे ६२ उरतात. दोन टक्के किरकोळ वाटतील. अडचण अशी की पुढचा गुंतवणूकदार ही अट वाचतो तेव्हा हा भार त्याच्यावर पडणार की तुमच्यावर, हे त्याला आधी सोडवून हवं असतं. तिथे मग वकिलांचे आठवडे जातात आणि अट काढायची तर त्या वेळी इन्क्युबेटरची संमती लागते. माझ्या मते ६ टक्क्यांपेक्षा नकाराचं हे जास्त भक्कम कारण आहे.

यानंतर कागद तपासा. टर्म शीटवर सही झाली असेल तरी ती बहुतेक वेळा बंधनकारक नसते. पण गोपनीयता, ठरावीक काळ दुसऱ्या कुणाशी बोलणी न करणं आणि खर्च कुणी द्यायचा ही कलमं सहसा बंधनकारक असतात. तेवढी नीट वाचा. २ लाख खात्यात आधीच आले असतील तर त्यातला एक रुपयाही वापरू नका. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे शेअरसाठी आलेल्या पैशांवर ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत करावी लागते, आणि तेही चुकलं तर १२ टक्के व्याज लागतं. नकार देत असाल तर तेवढी वाट बघायचं कारणच नाही, मेलच्या दिवशीच रक्कम परत पाठवा. शेअर देऊन झाले असतील तर मात्र हा विषय मेलचा उरत नाही. ते शेअर परत फिरवायला करार आणि कंपनी सेक्रेटरी लागतो.

कळवायची वेळ फार महत्त्वाची. बॅचची यादी जाहीर होण्याआधी कळवलं तर प्रतीक्षा यादीतल्या टीमला जागा मिळते आणि आयोजकांचा खोळंबा होत नाही. यादी, फोटो आणि लोगो छापून आल्यावर नकार गेला की त्यांना वरिष्ठांना खुलासा द्यावा लागतो, आणि संबंध बिघडतात ते तिथे. ज्या व्यक्तीने तुमची प्रक्रिया हाताळली तिला आधी फोन करा, दोन मिनिटांचा. त्याच दिवशी मेल पाठवा, म्हणजे नोंद राहते. मेल त्याच व्यक्तीला आणि प्रमुखांना, बाकी कुणालाही नाही. निवड समितीतल्या मेंटॉरना नंतर वेगवेगळे दोन ओळींचे आभार लिहा.

मेल साधारण असा:

«विषय: इन्क्युबेशन ऑफरबाबत आमचा निर्णय

नमस्कार मॅडम,

आज फोनवर बोलल्याप्रमाणे, आम्ही या बॅचमध्ये सहभागी होऊ शकणार नाही. ५ कोटी उभे होईपर्यंत हिस्सा कायम ठेवण्याची अट आमच्या पुढच्या फेरीच्या नियोजनात बसत नाही. आम्ही तिघांनी विचार करून घेतलेला हा अंतिम निर्णय आहे.

दुसऱ्या मुलाखतीत समितीने आमच्या दरांची मांडणी तपासून दिली. त्यावरून आम्ही ग्राहकांसाठी वार्षिक योजना आणली आहे. त्यासाठी तुमचे आणि समितीचे मनापासून आभार.

आमची जागा प्रतीक्षा यादीतल्या टीमला द्यावी आणि जाहीर यादीत आमचं नाव घेऊ नये, ही विनंती. आम्ही दिलेली आर्थिक कागदपत्रं कृपया काढून टाकावीत.

आपली,»

इथे कारण एकच आहे आणि ते अटीबद्दल आहे. 'व्हॅल्युएशन कमी वाटलं' लिहिलंत की उलट टपाली वाढीव आकडा येतो. 'आमची दिशा वेगळी आहे' असं मोघम लिहिलंत की भेटून बोलू म्हणतात. दुसरीकडे २ टक्क्यांत मिळतं अशी तुलना तर अजिबात नको, कारण विद्यापीठाच्या इन्क्युबेटरमध्ये टक्केवारी बहुधा संचालक मंडळाने ठरवलेली असते आणि मेल वाचणाऱ्या मॅनेजरच्या हातात ती नसते. तिच्या नियमांना नावं ठेवून तिचे आभार मानता येत नाहीत.

आभारही असेच नेमके हवेत. 'अमूल्य मार्गदर्शनाबद्दल' हे शब्द प्रत्येक नकारात असतात. त्यांनी काय सुचवलं आणि त्यावरून तुम्ही काय बदललंत ते लिहा. अर्थात खरोखर बदललं असेल तरच.

तरीही 'अट काढतो, या' असा निरोप येऊ शकतो. अंतिम म्हटल्यावर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. सुधारित टर्म शीट लेखी मागवा आणि ती वाचून दोन दिवसांत उत्तर द्या. अट एका कलमातून काढून 'हिस्सा टिकवण्याचा हक्क' म्हणून दुसऱ्या कलमात आलेली असू शकते. फरक असा ओळखा: हिस्सा टिकवायला ते पुढच्या फेरीत बाकीच्यांच्याच दराने पैसे भरणार असतील तर तो साधा हक्क आहे. पैसे न भरता टिकवणार असतील तर ती तीच जुनी अट आहे.

विद्यापीठांची अनेक इन्क्युबेटरं सरकारी योजनांचा निधीही वाटतात आणि त्याच्या अटी या बॅचपेक्षा वेगळ्या असतात. त्यामुळे सहा महिन्यांनी याच मॅडमकडे वेगळा अर्ज घेऊन जायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. तेव्हा हाच मेल त्यांच्या इनबॉक्समध्ये सापडेल.